पात्र घ्यावे, भिंत सोडावी

तुम्ही विचारलंत: “चित्रं बनवणाऱ्या एआय साधनाला आमच्या गोष्टीतल्या मुलीचं एक चित्र संदर्भ म्हणून दिलं, की दर वेळी ती तशीच उभी राहते आणि मागे तीच भिंत येते. प्रसंग बदलला तरी असं का होतं, आणि काय लिहिलं म्हणजे फक्त मुलगी घेतली जाईल?”

मुलगी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ही रेघ फक्त पाहणाऱ्याच्या मनात असते. साधनामागचे एआय मॉडेल संदर्भचित्राचे रूपांतर आकड्यांच्या मालिकांत करते आणि त्या आकड्यांत वेण्या, फ्रॉक, भिंतीचा गुलाबी रंग, डावीकडून येणारा उजेड आणि कमरेवरचा हात हे सारे एकमेकांत मिसळलेले असते. त्यातले पात्र कोणते आणि जागा कोणती, हे कुठेही वेगळे नोंदलेले नसते. ते सांगण्याची जागा म्हणजे तुम्ही लिहिलेले वाक्य. ते वाक्य ज्या बाबतीत गप्प राहते, त्या बाबतीत संदर्भचित्र बोलते. त्यातही सूचनेवरून चित्र बदलणारी मॉडेल ‘आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र’ अशा जोड्यांवर शिकवलेली असतात. त्या जोड्यांत जे बदलायला सांगितलेले नाही ते बहुधा जसेच्या तसे असते, त्यामुळे न सांगितलेले जपून ठेवणे हाच त्यांचा स्वभाव बनतो.

तुमचेच चित्र घेऊ. मुलगी समोर तोंड करून उभी आहे, दोन वेण्या, लाल रिबिनी, निळा फ्रॉक, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात मिटलेली पिवळी छत्री आणि मागे गुलाबी भिंत. तुम्ही लिहिले होते, ‘या मुलीला एसटी स्टँडवर दाखवा.’ या वाक्यात शरीराविषयी एकही शब्द नाही, त्यामुळे ती उभीच राहिली. जागेचे नाव आहे, पण तिच्या पाठीमागे नेमके काय दिसावे हे नाही, त्यामुळे गुलाबी भिंत स्टँडची भिंत होऊन बसली आणि कडेला लाल बसचे नाक तेवढे डोकावले. खरे तर मॉडेलने सूचना पाळली होती. सूचनेत जेवढे होते तेवढेच त्याने बदलले.

यानंतर बहुतेक जण ‘पार्श्वभूमी बदला’ असे लिहून पाहतात. त्याने भिंत जाते, पण उभे राहण्याची ढब अधिकच पक्की होते, कारण पार्श्वभूमीखेरीज कशालाही हात लावू नये असाच त्या आज्ञेचा अर्थ होतो. ‘गुलाबी भिंत नको’ हेही फारसे चालत नाही. बऱ्याच मॉडेलांचा मजकूर समजून घेणारा भाग नकाराच्या बाबतीत कच्चा असतो; ‘नको’ निसटते आणि ‘गुलाबी भिंत’ मात्र पोचते. स्टेबल डिफ्यूजनसारख्या ज्या साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे ते शब्द त्या रकान्यात लिहावेत. इतरत्र भिंतीचे नावच काढू नये आणि तिची जागा दुसऱ्या वस्तूंनी भरून टाकावी.

तुमच्या प्रसंगासाठी मी असे लिहीन:

“संदर्भचित्रातून फक्त मुलीची ओळख घ्या: चेहरा, दोन वेण्या, लाल रिबिनी, निळा फ्रॉक. चित्र पूर्णपणे नवे काढा. एसटी स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर ही मुलगी पुढे वाकून बसली आहे. तिची दोन्ही कोपरे मांड्यांवर टेकलेली आहेत, पाय जमिनीपासून वर लोंबकळत आहेत आणि नजर चित्राच्या उजवीकडे, येणाऱ्या बसकडे आहे. ती तिरक्या बाजूने दिसते. मिटलेली पिवळी छत्री बाकावर तिच्या शेजारी आडवी ठेवली आहे. तिच्या मागे लोखंडी खांब, उभी असलेली लाल बस आणि ओला डांबरी रस्ता आहे. उजेड पावसाळी, ढगाळ, सगळीकडून सारखा. जलरंग, बारीक पेन्सिलीची बाह्यरेषा. आडवे चित्र, दृष्टी बाकाच्या उंचीवरून, थोड्या अंतरावरून.”

पहिल्याच वाक्यात संदर्भाचे काम मर्यादित केले आहे आणि घ्यायच्या गोष्टी नावाने मोजून दिल्या आहेत. पुढची सगळी वाक्ये संदर्भाकडे न पाहता उभी राहतात, म्हणजे संदर्भचित्र काढून घेतले तरी ते एका पूर्ण चित्राचे वर्णन ठरेल. मजकूर लिहून झाला की हीच कसोटी मी लावतो.

ढबीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. नुसते ‘बसली आहे’ लिहिले, तर पुष्कळदा कमरेवरचा भाग संदर्भातलाच राहतो आणि खाली दुमडलेले पाय जोडले जातात. कमरेवरचा हातही सुटत नाही. म्हणून शरीर कशाला टेकले आहे, हात कुठे आहेत आणि नजर कुठे आहे, या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. छत्रीचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. ती पात्राची वस्तू की त्या एका ढबीचा भाग, हे मॉडेलला कळण्याचा मार्ग नाही; ती हातात राहिली तर तो हातही जुन्याच जागी राहतो. तिला बाकावर ठेवले की हात मोकळा होतो.

पाहण्याची बाजू बदलणे हा सर्वांत जोरकस उपाय आहे, कारण समोरून दिसणारी बाह्यरेषा तिरक्या बाजूने उतरवताच येत नाही. त्याची किंमतही आहे. संदर्भात नसलेली बाजू मॉडेलला कल्पनेने भरावी लागते आणि चेहऱ्याचे साम्य पातळ होते. म्हणूनच मी वर ‘तिरक्या’ म्हटले, ‘पूर्ण बाजूने’ म्हटले नाही. साधनात एकाहून अधिक संदर्भ देता येत असतील, तर त्याच मुलीची वेगवेगळ्या ढबींतली, वेगवेगळ्या जागांवरची दोन-तीन चित्रे द्यावीत. त्यांत समान उरते ती मुलगीच.

शैलीबाबत एक सूक्ष्म अडचण येते. ‘संदर्भातील शैली ठेवा’ असे लिहिले, तर गुलाबी रंगाची छटा हीसुद्धा शैलीच समजली जाऊ शकते आणि रस्त्यापासून आकाशापर्यंत सगळ्यावर ती छटा चढते. म्हणून माध्यमाचे वर्णन शब्दांनी करावे. उजेडाचेही तसेच: तो सांगितला नाही, तर ढगाळ स्टँडवरही मुलीच्या डाव्या गालावर जुने ऊन राहते आणि ती चिकटवल्यासारखी दिसते.

शब्दांचा काही उपयोग नसतो अशीही एक परिस्थिती आहे. काही साधनांत तुमचे चित्रच आरंभ म्हणून घेतात, त्यावर गोंगाट, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळतात आणि तो हळूहळू काढत नवे चित्र घडवतात. किती गोंगाट मिसळायचा हे `denoising strength` नावाचे मूल्य ठरवते. गोंगाट काढण्याचे काम 30 पायऱ्यांचे असेल आणि हे मूल्य 0.4 असेल, तर प्रत्यक्षात शेवटच्या 12 पायऱ्याच चालतात. कोण कुठे उभे आहे याचा ढोबळ आराखडा मात्र सुरुवातीच्या पायऱ्यांतच ठरलेला असतो. ओळखण्यासाठी दोन्ही चित्रे अर्धपारदर्शक करून एकावर एक ठेवा. खांदे, कंबर आणि भिंतीची कड तंतोतंत जुळत असेल, तर मजकूर सुधारत बसू नका. मूल्य 0.75 च्या आसपास नेऊन पाहा. ढब सुटेल, पण चेहराही सुटू लागेल. तिथे खरा उपाय म्हणजे ही पद्धत सोडून, संदर्भ ओळखीपुरता वापरणारी पद्धत निवडणे.

संदर्भ देण्यापूर्वी मुलगी भिंतीपासून कापून साध्या करड्या पटावर ठेवली, तर गुलाबी रंगाचा त्रास बराच कमी होतो, पण मागे काय आहे हे तरीही लिहावे लागते, नाहीतर स्टँडही करडा आणि रिकामाच येतो.