तो की ती

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही.

दादरला सुमीकडे गेले होते. पाऊस, भजी, आणि मग नेहमीसारखी टॅरो कार्डं. आधी मी तिचा प्रेमाचा स्प्रेड वाचला, मग तिने माझा. पाचच पानं: मी, समोरचा, दोघांमधलं, अडथळा, पुढे काय. दुसऱ्या जागी एट ऑफ कप्स आलं आणि आमचं बिनसलं.

पामेला कोलमन स्मिथने 1909 साली काढलेलं हे चित्र मला तोंडपाठ आहे. खाली पाच पेले, वर तीन, वरच्या ओळीत एक जागा रिकामी. मागे लाल झग्यातलं कुणीतरी काठी टेकत डोंगराकडे निघालंय, वर चंद्र. फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन पेले सांडलेले असतात, इथे एकही नाही. सगळं जागच्या जागी, तरी निघून जाणं.

मी म्हटलं, "बघ, निघालाय तो."

ती म्हणाली, "निघालीय ती. तूच."

मराठीत ही पंचाईतच आहे. चित्र पाठमोरं, चेहरा दिसत नाही, पण क्रियापदाला लिंग द्यावंच लागतं. मी म्हटलं, दुसरी जागा त्याची, म्हणजे तो लाल झगेवाला तोच. तिचं म्हणणं, त्या जागेवर त्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते येतं, आणि त्याला तुझी पाठ दिसतेय.

खरं तर चूक पानं मांडण्याआधीच झाली. 'समोरचा' म्हणजे तो कसा आहे, की त्याला काय वाटतं, हे पिसायच्या आधी ठरवायला हवं होतं. मागाहून ठरवलं की जो तो आपल्या सोयीचं वाचतो. मी म्हटलं, उलगड्यासाठी एक जादा पान काढू. तिने गठ्ठा सरळ पिशवीत घातला. "पहिलं पटलं नाही म्हणून दुसरं काढतेस. मग तिसरं काढशील."

मी पाठ फिरवली? मी? इतकी वर्षं वाट बघणारी मी?

तिच्या स्प्रेडमध्ये टू ऑफ कप्स उलटं आलं होतं. मी "थोडा गैरसमज आहे, मिटेल" म्हणून पुढच्या पानावर गेले. जाऊ दे.

मुलुंडपर्यंत उभ्याने आले, तोंड फुगवून. पाठमोरी म्हणे. मग आठवलं, रागाच्या भरात निघताना तिला नीट 'येते' सुद्धा म्हटलं नव्हतं. जिना उतरताना ती वरून ओरडली होती, "छत्री राहिली!" मी वळले नाही.

छत्री तिच्याकडेच आहे. झगा नाही, पण माझा रेनकोट लालच आहे. उद्या फोन करते. आधी छत्रीबद्दल बोलेन.