‘चर्चा झाली’ एवढं लिहून भागत नाही

“मीटिंग दोन तासांची आणि मिनिट्स बारा पानांची? ‘चर्चा झाली, ठराव मंजूर’ एवढं लिहून भागत नाही का?”

नाही भागत. आमच्या कंपनीच्या सुपरॅन्युएशन ट्रस्टचं इतिवृत्त मी लिहिते. निवृत्तीपर्यंत कामगारांचे पैसे ट्रस्ट स्वतः गुंतवतो आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांतून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घेऊन देतो. म्हणजे आज घेतलेल्या निर्णयाचा जाब कोणीतरी पंधरा वर्षांनी विचारणार, आणि तेव्हा आजचे विश्वस्त खुर्चीवर नसणार. त्या माणसाला उत्तर द्यायला फक्त ही पानं असतील.

एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत दलालाने एका वित्त कंपनीचे रोखे सुचवले. दोन संस्थांचं रेटिंग डबल ए प्लस होतं. अर्थ मंत्रालयाच्या २०१५ च्या गुंतवणूक नियमांत अशा रोख्यांना दोन रेटिंग संस्थांकडून किमान डबल ए लागतं, म्हणजे नियमाची अडचण नव्हती. परतावा ९.१० टक्के होता, तर त्याच दिवशी एका सरकारी कंपनीचे रोखे ८.३५ ने मिळत होते. प्रस्ताव साठ लाखांचा होता. कामगारांच्या बाजूने निवडून आलेल्या एका विश्वस्तांनी विचारलं, “रेटिंग चांगलं आहे तर हे पाऊण टक्का जास्त का देतायत?”

त्या प्रश्नावर अर्धा तास गेला. साठ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला पंचेचाळीस हजार. ते मिळवण्यासाठी साठ लाखांची मुद्दल एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवायची का? पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसची आठवण सगळ्यांना ताजी होती. तिचं रेटिंग २०१८ च्या ऑगस्टपर्यंत वरच्या श्रेणीत होतं आणि सप्टेंबरमध्ये ‘डी’ वर, म्हणजे पैसे थकवणाऱ्यांच्या श्रेणीत आलं. देशभरातल्या कितीतरी पीएफ आणि पेन्शन ट्रस्टांकडे तिचे रोखे होते. शेवटी ठरलं की या रोख्यांत वीस लाख घालायचे आणि उरलेले चाळीस सरकारी कंपनीत. प्रश्न विचारणाऱ्या विश्वस्तांचा विरोध वीस लाखांनाही होता. तो त्यांच्या नावासह नोंदवला.

दीड वर्षाने त्या वित्त कंपनीचा व्याजाचा हप्ता चुकला. सभासद चिडून आले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. मी ते पान काढून वाचून दाखवलं. त्या दिवशीचं रेटिंग, दुसऱ्या पर्यायाचा भाव, विचारलेला प्रश्न, कमी केलेली रक्कम, विरोधी मत, सगळं त्यात होतं. वीस लाख त्या पानाने परत आले नाहीत. पण विश्वस्तांनी डोळे मिटून सही केली होती की माहिती घेऊन चुकले, हे सभासदांना स्वतः पाहता आलं. फक्त ‘चर्चा झाली’ लिहिलं असतं तर या दोन्हींत फरक दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. नियमच सांगतो की चौकटीत राहून केलेल्या गुंतवणुकीचीही जबाबदारी विश्वस्तांवरच असते, त्यामुळे ‘नियमात बसत होतं’ हे पूर्ण उत्तर होत नाही.

नियमपालनाचा भाग मी थोडक्यात लिहिते, पण आकडेमोड उघडी ठेवते, कारण चूक तिथेच लपते. सरकारी रोख्यांत ४५ ते ५०, कर्जरोख्यांत ३५ ते ४५, शेअर्सशी निगडित गुंतवणुकीत ५ ते १५ टक्के, ही मर्यादा नवीन पैशांना लागते. नवीन पैसा म्हणजे आधीची शिल्लक, वर्गणी, व्याज आणि मुदत संपलेल्या रोख्यांची रक्कम, वजा द्यायची देणी. समजा एकूण दोन कोटी जमा झाले आणि चाळीस लाख देणी निघाली, तर हिशेब १ कोटी ६० लाखांचा. सरकारी रोख्यांत ७२ ते ८० लाख जायला हवेत. कोणी टक्केवारी सगळ्या जुन्या निधीवर काढली तर तक्ता सुंदर दिसतो आणि पूर्ण चुकीचा असतो. म्हणून ‘नियमांचे पालन झाले’ हे वाक्य मी एकटं लिहीत नाही. त्याच्या वर बेरीज-वजाबाकी येते.

आता तक्रारींचं. इथे मी स्वतः जे पाहिलं त्यामुळे माझी लिहिण्याची पद्धत बदलली.

निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मिळणाऱ्या सभासदाला एक तृतीयांश रक्कम हातात घेता येते. उरलेल्या दोन तृतीयांशाची ॲन्युइटी घ्यावी लागते. छत्तीस लाख असतील तर बारा हातात आणि चोवीस पेन्शनसाठी. तिथे पर्याय निवडायचा असतो: फक्त स्वतःच्या हयातीत पेन्शन, की आपल्यामागे जोडीदाराला चालू राहील अशी. पहिल्यात दरमहा रक्कम जास्त येते. पॉलिसी हातात आल्यावर काही दिवस ती परत करता येते, मग पर्याय सहसा बदलत नाही.

मी हे काम घेण्याआधीच्या एका इतिवृत्तात ओळ आहे: ‘सभासद तक्रार १, निकाली.’ चौदा महिन्यांनी त्या सभासदाच्या पत्नी ऑफिसात आल्या. पती वारले होते आणि पेन्शन बंद झाली होती. त्या म्हणाल्या, “त्यांनी माझंही नाव घातलं होतं, मला सांगितलं होतं.” मी फाइल काढली. फॉर्मवर खूण ‘फक्त स्वतः’वर. मागे त्यांच्या हस्ताक्षरातलं पत्र: पर्याय चुकलाय, पत्नीचं नाव हवंय, कृपया दुरुस्त करा. आवक शिक्का होता, तारीख होती, आणि ती पॉलिसी परत करण्याच्या मुदतीतली होती. उत्तराची प्रत कुठेच नव्हती. ‘निकाली’ म्हणजे काय केलं, कोणी कोणाला कळवलं, हे सांगणारं एकही अक्षर नव्हतं. विमा कंपनीने आता काही होणार नाही असं लेखी दिलं. ट्रस्टने काही रक्कम मिळवून दिली, पण ती आयुष्यभराची पेन्शन नव्हती. त्या बाई शांतपणे सही करून गेल्या. त्या शांतपणाचा मला आजही त्रास होतो.

तेव्हापासून तक्रारीच्या नोंदीत ‘निकाली’ हा शब्द मी एकटा लिहीत नाही. नाव न घालता टोकन नंबर, अर्ज मिळाल्याची तारीख, सभासदाची मागणी त्याच्याच शब्दांत, काय केलं, उत्तर कोणत्या तारखेला गेलं, आणि मुदत असेल तर ती कधी संपते. उघडी राहिलेली तक्रार पुढच्या बैठकीत त्याच नंबराने पुन्हा येते. मागच्या नोंदीत चूक सापडली तर जुनं पान खोडत नाही, नव्या बैठकीत दुरुस्ती लिहून अध्यक्षांची सही घेते.

ॲन्युइटीच्या फॉर्मवर आता सभासद आणि जोडीदार दोघांच्याही सह्या घेतो, आणि निवडलेला पर्याय मिनिट्समध्ये खुणेने नाही, शब्दांत लिहितो. गेल्या तिमाहीत अशा चार नोंदी होत्या. तिसऱ्या नोंदीच्या वेळी सही करायला आलेल्या बाईंनी कागद वाचला आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, “आणि तुमच्यानंतर मला काय?” त्यांनी माझ्याकडून दुसरा फॉर्म मागून घेतला.