बाबांचा वयोगट आणि बदललेला बिब नंबर

बाबांना साठ पूर्ण झाली आणि त्यांनी पहिल्यांदाच पाच किलोमीटरच्या फन रनमध्ये उतरायचं ठरवलं. स्पर्धा १६ नोव्हेंबर २०२५ ची. मीही धावणार होते, म्हणून दोघांची नोंदणी एकाच वेळी माझ्या लॅपटॉपवरून केली. आधी बाबांचा अर्ज भरला, मग माझा, आणि दोन्हींचे पैसे एकदमच भरले. पावती आली, तिच्यावरची नावं आणि रक्कम बघितली आणि विषय संपला असं समजले.

नोंदणी बंद झाल्यावर बिब नंबरांची, म्हणजे धावताना छातीवर लावायच्या कागदावरच्या नंबरांची, मेल आली. बाबांना नंबर मिळाला होता ३१४७, वयोगट ४५ ते ५९. मेलच्या तळाशी गटवार मालिका दिल्या होत्या: ४५ ते ५९ साठी तीन हजारांची, ६० आणि त्यावरील गटासाठी पाच हजारांची. प्रत्येक गटाच्या बिबवर वेगळ्या रंगाची पट्टी, आणि ६० च्या पुढच्यांना दहा मिनिटं आधी सोडणार. बाबांचा जन्म १२ मार्च १९६५ चा. मार्चमध्येच साठी झाली, मग नोव्हेंबरमध्ये ते ५९ चे कसे?

आधी वाटलं, वय मोजायची तारीख वेगळी असेल. हे खरंच वेगवेगळं असतं. कुठे धावायच्या दिवशीचं वय धरतात, कुठे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. ॲथलेटिक्समधला वीस वर्षांखालील गट ३१ डिसेंबरच्या वयावर ठरतो, तर मास्टर्सच्या स्पर्धांमध्ये स्पर्धेच्या दिवशीचं वय बघतात. या फन रनच्या नियमांत ‘धावण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं वय’ असं स्पष्ट लिहिलं होतं. पण बाबांच्या बाबतीत दोन्ही पद्धतींनी साठच येत होते. म्हणजे चूक नियमात नव्हती, जन्मतारखेत होती.

लॉगिन करून अर्ज उघडला. जन्मतारखेसमोर दिसलं: ३ डिसेंबर १९६५.

मी `12/03/1965` असं टाइप केलं होतं. त्या रकान्यात फिकट अक्षरांत `MM/DD/YYYY` लिहिलेलं असतं, आणि पहिला आकडा टाकताच ते नाहीसं होतं. फॉर्मने बाराला महिना धरलं आणि तीनला दिवस. १६ नोव्हेंबरला ती ‘३ डिसेंबर’ अजून यायची होती, म्हणून वय निघालं ५९. माझा जन्म २७ तारखेचा. माझा अर्ज भरताना फॉर्मने ‘तारीख चुकीची आहे’ म्हणून अडवलं होतं, कारण सत्ताविसावा महिना नसतो. तेव्हा मी कॅलेंडर उघडून तारीख निवडली आणि पुढे गेले. बाबांच्या अर्जाकडे परत वळून पाहायला हवं होतं, ते तेव्हा सुचलं नाही. ज्यांचा जन्म महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतला आहे, त्यांच्या तारखेची अशी अदलाबदल फॉर्मला कळतच नाही. आणि गंमत म्हणजे या स्पर्धेत ३१ डिसेंबरचं वय धरलं असतं, तर चुकीच्या तारखेनेही साठच भरले असते आणि मला काहीच कळलं नसतं.

पैसे भरल्यावर जन्मतारीख आपल्या हाताने बदलता येत नव्हती. रकाना दिसत होता, पण बंद. दुरुस्तीसाठी आयोजकांना मेल करायची होती, मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत, कारण शुक्रवारी नंबरांची यादी छपाईला जाणार. तो दिवस मंगळवार होता.

बहीण म्हणाली, “परत नोंदणी कर ना, पैसे गेले तर गेले.” पण नोंदणी बंद झालेली. आणि ती चालू असती तरी मी ते केलं नसतं. एकाच माणसाच्या दोन नोंदी, दोन नंबर, दोन बिब होतात, आणि पहिले पैसे परत मिळतीलच असं नाही.

मेलमध्ये मी नोंदणी क्रमांक, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, सध्याचा बिब नंबर, आत्ता दिसणारी तारीख आणि खरी तारीख असं सगळं लिहिलं. खरी तारीख आकड्यांत न लिहिता ‘१२ मार्च १९६५’ अशी महिन्याच्या नावासह लिहिली, नाहीतर तिकडे वाचणाऱ्याकडूनही तीच गफलत झाली असती. सोबत ओळखपत्राचा फोटो जोडला.

बुधवारी दुपारी उत्तर आलं, ‘आपली जन्मतारीख दुरुस्त केली आहे.’ लगेच लॉगिन केलं. तारीख बरोबर होती. वयोगट मात्र अजूनही ४५ ते ५९, आणि नंबरही ३१४७.

आता फोन केला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कारण सांगितलं, ते मला आजवर माहीत नव्हतं. अर्ज भरताना तारखेवरून गट सुचवला जातो, पण पैसे भरले की तो गट शुल्काशी बांधला जातो. नंतर तारीख बदलली तरी गट आपोआप बदलत नाही, तो वेगळा हलवावा लागतो. आणि गट हलला की नंबरही बदलतो, कारण नंबर गटाच्या मालिकेतूनच दिलेला असतो. ज्येष्ठांचं शुल्क थोडं कमी होतं, तो फरक परत मिळणार नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याला माझी हरकत नव्हती.

मी विचारलं, “आणि छपाई झाल्यावर लक्षात आलं असतं तर?”

“तर यादीत गट बदलला असता, निकालही बरोबर लागला असता. पण बिब तीन हजारांच्या मालिकेतलाच राहिला असता. पट्टी बघून त्यांना पहिल्या तुकडीत कुणी उभं राहू दिलं नसतं.”

गुरुवारी सकाळी नवी मेल आली: नंबर ५११८, वयोगट ६० आणि त्यावरील. ताईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून जुनी मेल लगेच काढून टाकली. तिच्यातला क्यूआर कोड रद्द झालेल्या नोंदीचा होता, बिब घेताना चुकून तोच दाखवला असता तर परत गोंधळ.

बिब वाटपाच्या दिवशी बाबांना सोबत घेऊन गेले. पाकीट हातात आल्याबरोबर नाव, नंबर आणि पट्टीचा रंग तपासला. शेजारच्या टेबलावर चिप तपासायची सोय होती. बिबच्या मागे चिकटवलेली, धावण्याची वेळ नोंदवणारी पातळ पट्टी म्हणजे चिप. तिच्यात नाव किंवा वय नसतं, फक्त एक क्रमांक असतो, आणि तो यादीतल्या नोंदीशी जोडलेला असतो. म्हणून नंबर बदललेल्या माणसाने हे टेबल चुकवू नये. बाबांनी बिब यंत्रासमोर धरला. क्षणभर काहीच झालं नाही, मग पडद्यावर उमटलं: ५११८, बाबांचं पूर्ण नाव, ६० आणि त्यावरील.

“काका, घडी घालू नका हं, मागची चिप दुमडते,” टेबलावरची मुलगी म्हणाली. बाबा पिशवीतून माझी वही काढून तिच्या पानांत बिब सपाट ठेवत होते.