कंपनीच्या मेलखालची सही अन दोन ओळींचं डिस्क्लेमर – माझा अनुभव

आमचं केळी एक्स्पोर्टचं काम आहे. पॅकहाऊस रावेर साईडला, ऑफिस जळगावला. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे पण माणसं मोजकीच, सासरे म्हणजे अण्णा अन दीर डायरेक्टर, मी डॉक्युमेंट अन मेल बघते, दोन पोरं लोडिंगचं बघतात. गल्फमधले बायर, शिपिंग लाईन, कस्टमचं काम बघणारे सीएचए, मालाला कीड-रोग नसल्याचं फायटो सर्टिफिकेट देणारे, बँक सगळ्यांशी मेलवरच चालतं आणि प्रत्येकाची मेलखालची सही वेगळी होती, दीराच्या मेलखाली तर फोनमधून आपोआप येणारी ओळ तेवढी. डीटीपीवाल्याने मागे एक सही करून दिलेली होती ती म्हणजे पूर्ण व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, केळीच्या घडासकट.

तो फोटो काढायचं कारण झालं दुबईचा बायर. त्याने लिहिलं की तुमच्या मेलमध्ये आठ अटॅचमेंट दिसतात, यातलं फायटो सर्टिफिकेट कुठलं? आम्ही जोडलेल्या होत्या दोनच पीडीएफ. बाकीचे image001.png, image002.png असे, म्हणजे सहीतला फोटो प्रत्येक रिप्लायबरोबर अजून एकदा चिकटत गेलेला. आणि ज्याच्याकडे फोटो बंद असतात (आउटलुकमध्ये बाहेरून येणारे फोटो बऱ्याचदा बंदच असतात, क्लिक केल्यावर दिसतात) त्याला नाव नाही नंबर नाही, नुसता रिकामा चौकोन. फोटोतला नंबर कॉपीही होत नाही, दाबून फोनही लागत नाही. म्हणून पहिलं ठरवलं की जे काही महत्त्वाचं आहे ते अक्षरात लिहायचं, फोटो राहिला तर फक्त छोटा लोगो.

मग काय काय लिहायचं यावर घरात चर्चा. अण्णांना सगळंच पाहिजे होतं, जीएसटी नंबर, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन, पॅकहाऊसचा पत्ता, तीन मोबाईल, वर एक सुविचार. मी आमच्या सीएंना विचारलं की कायद्याने काय लागतं तेवढं सांगा. त्यांनी कंपनी कायदा 2013 चं कलम 12 दाखवलं. त्यात आहे की कंपनीच्या बिझनेस लेटर, बिलहेड, लेटरपेपर, नोटीस अशा सगळ्यांवर कंपनीचं नाव, रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, फोन नंबर आणि असेल तर फॅक्स, ईमेल, वेबसाईट पाहिजे. नाही पाळलं तर दिवसाला 1000 रुपये दंड, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. ईमेल हा शब्द तिथे लेटरच्या यादीत नाहीये, पण सीए म्हणाले, "ताई, तुम्ही रेट, ऑफर, कन्फर्मेशन सगळं मेलवर पाठवता, मग तेच तुमचं बिझनेस लेटर झालं ना, एक ओळ टाकायला काय जातं?" मला पटलं. सीआयएन 21 अक्षरांचा असतो, तो कंपनी नोंदणीच्या म्हणजे एमसीएच्या सर्टिफिकेटवरून कॉपी पेस्टच करा, हाताने टाईप करू नका. तुमची एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी असेल तर नियम वेगळा आहे, 2008 च्या एलएलपी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नाव, पत्ता, रजिस्ट्रेशन नंबर आणि मर्यादित दायित्वासह नोंदणी झाली आहे असं वाक्य लागतं. साध्या प्रोप्रायटरला यातलं काही नाही.

जीएसटी नंबर अन आयईसी मात्र मी काढले. जीएसटी नंबरच्या 15 अक्षरांत पहिले दोन राज्याचे (आपले 27) आणि पुढचे दहा म्हणजे सरळ पॅन असतो, आयईसी तर आता पॅनच असतो. कंपनीचा पॅन म्हणजे काही गुपित नाही, पण जो प्रोप्रायटर आहे त्याचा स्वतःचा पॅन प्रत्येक अनोळखी मेलखाली जातो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं. हे नंबर इनव्हॉइसवर असतातच, तिथेच राहू द्या.

शेवटी सही राहिली ती अशी: नाव आणि हुद्दा एका ओळीत, मग कंपनीचं पूर्ण नाव, अगदी सर्टिफिकेटवर आहे तसं प्रायव्हेट लिमिटेडसकट, मग एक मोबाईल अन एक ऑफिसचा नंबर, वेबसाईट, आणि खाली थोड्या बारीक अक्षरात रजिस्टर्ड पत्ता अन सीआयएन. नंबर लिहिताना एक बघा, आपण सवयीने 0257 लिहितो, बाहेर देशातून तो शून्य चालत नाही, +91 257 असं लिहायचं. मोबाईललाही +91. व्हॉट्सॲपसाठी वेगळं चित्र लावायची गरज नाही, wa.me/ च्या पुढे 91 अन नंबर टाकला की लिंक तयार. सुविचार गेला. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत पण ठीक आहे.

लोगोचा भाग सगळ्यात जास्त डोकं खाणारा. वेबसाईटवाल्या पोराने मूळ फाईल दिली ती भली मोठी, आणि साईज सीएसएसमध्ये दिलेली. जीमेलमध्ये मस्त दिसलं, बायरच्या आउटलुकवर लोगो पूर्ण स्क्रीनभर. विंडोजवरचं जुनं आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, ते सीएसएसमधली साईज बऱ्याचदा मानतच नाही, त्याला रुंदी टॅगमध्येच द्यावी लागते. म्हणून असं केलं:

```html
<img src="https://www.example.com/logo.png"
     width="120" height="40" alt="Company Name">
```

फाईल 240 बाय 80 ची ठेवली म्हणजे चांगल्या स्क्रीनवर फुटत नाही, दाखवायची 120 बाय 40. फाईल आपल्याच वेबसाईटवर असते, मेलला चिकटत नाही, त्यामुळे ती image001 ची पिलावळ बंद झाली. फोटो बंद असला तरी alt मधलं नाव दिसतं. अजून एक म्हणजे डार्क मोड, आमचा लोगो काळ्या अक्षरांचा अन मागे पारदर्शक, फोनवर काळ्यावर काळं होऊन गायबच व्हायचा. पोराने अक्षरांभोवती पांढरी बारीक कड दिली तेव्हा दिसायला लागला.

मराठी नावाची ओळ पण हवी होती, कारण शेतकरी अन इथल्या लोकांनाही मेल जातात. डीटीपीवाल्याकडची फाईल जुन्या फॉन्टमधली, ती पेस्ट केली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये परत टाईप केलं, झालं.

आता डिस्क्लेमर. नेटवर जे मिळतात ते म्हणजे पंधरा ओळींचं पुराण, हा मेल गोपनीय आहे, चुकून मिळाला तर डिलीट करा, व्हायरसला आम्ही जबाबदार नाही वगैरे. सीए म्हणाले समोरच्याने कशालाही हो म्हटलेलं नसताना तुम्ही मेलखाली काहीतरी लिहिलं म्हणून तो बांधला जात नाही. मग मी उलटा विचार केला, आपल्याला मेलमुळे खरंच कुठे फटका बसू शकतो? दोनच जागा निघाल्या. एक रेट, दुसरी बँक.

रेटचं असं की केळीचा भाव रोज बदलतो, बऱ्हाणपूरचा भाव आला की इकडचं सगळं हलतं. सकाळी मेलवर दिलेला रेट बायरने तीन दिवसांनी "ॲक्सेप्टेड" म्हणून पाठवला तर? मेलवर करार होत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण होतो. आयटी कायद्याच्या कलम 10ए प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्या कारणाने करार रद्द होत नाही. आणि 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साईटच्या प्रकरणात ईमेलवरच्या ऑफर अन होकारालाच पूर्ण झालेला करार मानलं, सविस्तर करारावर सह्या झालेल्या नव्हत्या तरी. म्हणून पहिली ओळ अशी ठेवली (मूळ इंग्रजीत आहे, अर्थ देते): "या मेलमधले दर फक्त माहितीसाठी आहेत, आमच्या सहीचा प्रोफॉर्मा इनव्हॉइस गेल्यावरच ऑर्डर पक्की."

पण ही ओळ कवच नाहीये हं. वर मेलमध्येच आपण "दोन कंटेनर कन्फर्म, या रेटने" असं लिहिलं आणि खाली ही ओळ असली तर भांडण झाल्यावर वरचं वाक्यच आधी वाचलं जाणार. अण्णांना फोनवर सवय, "हां भो, पक्कं" म्हणायची, तेच ते मेलवर लिहायचे. आता ठरलंय की रेटच्या मेलमध्येच तारीख अन "भारतीय वेळेनुसार आज संध्याकाळी सहापर्यंत" असं लिहायचं आणि कन्फर्म शब्द फक्त प्रोफॉर्माबरोबर.

दुसरी ओळ बँकेची, माझ्या मते सगळ्यात कामाची. कुणीतरी मेलबॉक्समध्ये घुसतो नाहीतर एका अक्षराने वेगळं डोमेन घेतो, आणि ऐन पेमेंटच्या वेळी बायरला "आमचं खातं बदललंय" असा मेल टाकतो, पैसे गेले की गेले. आम्ही लिहिलं: "आमचं बँक खातं आम्ही फक्त ईमेलने कधीच बदलत नाही, असा मेल आला तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा." आधीपासून असलेल्या, हे मुद्दाम. पहिल्यांदा दीराने "खालील नंबरवर" लिहिलं होतं, पण चोर मेल पाठवणार तर खालची सही पण आपलीच कॉपी करणार अन नंबर तेवढा स्वतःचा टाकणार ना. आणि नुसती ओळ लिहून भागत नाही, प्रत्येक जुन्या बायरला फोन करून हा नियम सांगितला अन तो नंबर त्यांच्याकडे सेव्ह आहे ना ते बघितलं.

गोपनीयतेची ओळ आम्ही ठेवलीच नाही. ज्या मेलमध्ये खरंच तसं काही असतं तिथे सब्जेक्टमध्ये आणि मेलच्या सुरुवातीलाच लिहिते, म्हणजे वाचणारा आधी बघतो.

लावायचं कसं, तर आमचे मेल गुगल वर्कस्पेसवर आहेत. सही प्रत्येकाच्या जीमेल सेटिंगमध्ये. तिथे नवीन मेलला वेगळी अन रिप्लायला वेगळी सही निवडता येते, रिप्लायला मी फक्त नाव अन मोबाईल ठेवला. फोनच्या ॲपमध्ये मोबाईल सही वेगळी असते अन ती साध्या अक्षरांचीच, लोगोबिगो नाही, म्हणून सगळ्यांचे फोन घेऊन मीच टाईप केली. डिस्क्लेमरच्या दोन ओळी मात्र माणसांवर सोडल्या नाहीत, ॲडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या Compliance खाली Append footer म्हणून आहे तिथे टाकल्या. त्यामुळे दीर शेतातून फोनवरून मेल करतो त्यालाही लागतात. तोटा एवढाच की रिप्लायलाही परत परत लागतात, लांब चर्चेत त्या खाली साचत जातात, म्हणून पंधरा ओळी असत्या तर वाट लागली असती.

सोडायच्या आधी मी स्वतःच्या जीमेलवर, सीएंच्या आउटलुकवर, दीराच्या फोनवर डार्क मोडमध्ये आणि फोटो बंद करून असं पाठवून बघितलं, प्रत्येक नंबर अन लिंक दाबून बघितली. वेबसाईटची लिंक सीएंच्या ऑफिसातच उघडेना, डोमेनच्या पुढे https नव्हतं, ते टाकलं. आता दीराचं म्हणणं आहे की मोबाईल नंबर दोन ठेवा, सीझनमध्ये एकावर लागत नाही. ते अजून ठरलं नाहीये.