घरचा बार: कलुआ तळाला, ग्रँड मार्निए वर

सध्या कॉफी आणि संत्र्याच्या लिक्युअरवर काम चालू आहे. गोड दोन्ही, पण कॉफीच्या कलुआमध्ये अल्कोहोल देशानुसार 16 ते 20 टक्के असतं, तर संत्र्याची क्वांत्रो आणि ग्रँड मार्निए दोन्ही 40 टक्क्यांची, म्हणजे टकिलाइतकीच कडक.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर बी-52 बनवा. शॉट ग्लासमध्ये आधी कलुआ, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू बेलीज हे क्रीमचं लिक्युअर आणि शेवटी ग्रँड मार्निए, तिन्ही सारख्या मापात. साखर द्रव जड करते, अल्कोहोल हलका करतं. त्यामुळे साखरेने भरलेलं कलुआ तळाला बसतं आणि ग्रँड मार्निए वर तरंगतं. त्याच्या जागी कमी अल्कोहोलचं, पाकासारखं स्वस्त संत्र्याचं लिक्युअर, म्हणजे ट्रिपल सेक, ओतलं तर ते बेलीजमधून खाली उतरतं आणि थर गढूळ होतात.

मार्गारिटात हेच ट्रिपल सेक का फसतं, तेही यातून कळतं. माप साधं आहे: 50 मिली टकिला, 20 मिली क्वांत्रो, 15 मिली लिंबाचा रस. शेक करण्याआधी हे मिश्रण साधारण 33 टक्क्यांचं होतं. क्वांत्रोऐवजी 20 टक्क्यांचं ट्रिपल सेक घेतलं तर 28 टक्क्यांवर येतं, आणि त्यात बर्फाचं पाणी मिसळतंच. पहिल्या घोटाला गोड लागतं, मागे काहीच उरत नाही. संत्र्याची चव कमी वाटते म्हणून ट्रिपल सेक वाढवू नका, गोडवाच वाढेल. त्यापेक्षा ते 15 मिलीवर आणा आणि टकिला 55 करा. साइडकार आणि व्हाइट लेडीतही संत्र्याचं लिक्युअर कडकच हवं, कारण तिथेही लिंबाचा आंबटपणा सांभाळताना ड्रिंकचा जोर टिकवायचा असतो.

कॉफीच्या बाजूला हिशेब उलटा. ब्लॅक रशियनमध्ये 50 मिली व्होडकाला 20 मिली कलुआ लागतं. जोर व्होडका देते. कलुआने गोडवा आणि दाटपणा द्यायचा. ऑस्ट्रेलियाचं कॉफी लिक्युअर मिस्टर ब्लॅक कलुआपेक्षा कमी गोड आणि कॉफीच्या चवीला जास्त कडू. ते त्याच मापात घातलं की ड्रिंक पातळ आणि कोरडं लागतं. एस्प्रेसो मार्टिनीत मात्र मला तेच आवडतं. बारटेंडर डिक ब्रॅडसेलने 1980च्या दशकात लंडनमध्ये बनवलेल्या या ड्रिंकमध्ये ताजी एस्प्रेसो असतेच, शिवाय साखरेचा पाक वेगळा घालता येतो. कलुआ वापरताना मी पाक 5 मिलीवर ठेवतो, मिस्टर ब्लॅक असेल तर 10 मिली.

आता व्हाइट रशियनची, म्हणजे क्रीम घातलेल्या ब्लॅक रशियनची पाळी. क्रीममुळे कडूपणा दबतो, म्हणून तिथे मिस्टर ब्लॅक 20 ऐवजी 30 मिली घालून बघणार आहे.