एका पतसंस्थेचा पासवर्ड टेबल आणि माझी उडालेली झोप

पतसंस्थेचं नाव सांगत नाही, व्हेंडरचंही नाही. सभासद चाळीस हजारांच्या आसपास, मोबाइल ॲप आहे, त्यात बचत खातं, ठेव, कर्जाचा हप्ता वगैरे दिसतं. मला बोलावलं कारण कुणीतरी भल्या माणसाने त्यांना मेल टाकला होता की तुमच्या वेबसाइटच्या फोल्डरमध्ये `backup.sql` नावाची, अख्ख्या डेटाबेसची कॉपी असलेली फाइल उघड्यावर पडलीय, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की डाउनलोड होते. सर्व्हरचा लॉग काढून बघितला तर ती फाइल त्या मेलवाल्याच्या आधीही दोन-तीन अनोळखी ठिकाणांहून पूर्ण उतरवली गेली होती. म्हणजे गेली ती गेली.

व्हेंडरचा माणूस फोनवर एकदम निवांत. म्हणे, "सर काळजी नको, पासवर्ड एमडीफाइव्हने एन्क्रिप्टेड आहेत, ते डिक्रिप्टच होत नाहीत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. अरे बाबा, डिक्रिप्ट करतंय कोण? चोर अंदाज घेतो, अंदाजाचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, काढतो आणि तुझ्या टेबलात तो सापडतो का बघतो. उलटं जायची गरजच नाही.

सेक्रेटरीसाहेबांकडून लेखी परवानगी घेतली, टेबलची कॉपी नेट बंद केलेल्या माझ्या मशिनवर टाकली आणि पहिल्यांदा मी नेहमी टाकतो तीच क्वेरी टाकली:

```sql
SELECT password, COUNT(*) AS n
FROM members
GROUP BY password
ORDER BY n DESC LIMIT 10;
```

सॉल्ट, म्हणजे प्रत्येकाच्या पासवर्डात मिसळलेली वेगळी रँडम अक्षरं, असता तर प्रत्येक ओळीपुढे १ आला असता. इथे सगळ्यात वरचा हॅश सहा हजारांहून जास्त सभासदांकडे सारखाच होता. आणि तो कुठला, तर `e10adc3949ba59abbe56e057f20f883e`. या धंद्यातल्या माणसाला हा तोंडपाठ असतो, `123456` चा एमडीफाइव्ह. ज्याला पाठ नाही त्याने गूगलला टाकला तरी उत्तर मिळतं, क्रॅक वगैरे काही करावंच लागत नाही. शाखेत ॲप चालू करून देताना क्लार्क हाच पासवर्ड टाकून द्यायचे आणि सभासद तो बदलायचे नाहीत.

राहिलेल्यांसाठी हॅशकॅट, अंदाजांचे हॅश काढून ताडून बघणारं टूल. आपल्याकडे लोक आपला नाहीतर घरातल्या कुणाचा मोबाइल नंबर पासवर्ड ठेवतात, हे इथे कुणाला सांगायला नको. नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे एकूण शक्यता ४ अब्ज. ऐकायला प्रचंड वाटतं ना?

```
hashcat -m 0 -a 3 -1 6789 hashes.txt ?1?d?d?d?d?d?d?d?d?d
```

माझ्या लॅपटॉपच्या साध्या गेमिंग कार्डावर या रनपेक्षा हॅशकॅट सुरू व्हायलाच जास्त वेळ लागला. एमडीफाइव्ह बनवलाच वेगासाठी, मोठमोठ्या फाइलींचा ठसा पटकन काढता यावा म्हणून. आरटीएक्स ४०९० सारखं एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १६० अब्जांच्या आसपास एमडीफाइव्ह काढतं. आणि सॉल्ट नसल्यामुळे एक अंदाज एकदाच काढायचा आणि एका झटक्यात चाळीस हजार सभासदांशी ताडून बघायचा, सभासद वाढले म्हणून चोराचा खर्च वाढत नाही. मोबाइल नंबर आणि नंतर `rockyou.txt` ही जुनी यादी एवढ्यावरच तीन चतुर्थांश टेबल उघडं पडलं. या यादीची पण गंमत बघा, २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीने तीन कोटींहून जास्त पासवर्ड जसेच्या तसे, हॅशच न करता ठेवले होते, ते फुटले आणि आज पंधराहून जास्त वर्षांनंतरही त्या लोकांच्या पासवर्डांनी आपल्या काकू-मावश्यांची खाती उघडतात.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "अहो पण ॲपमध्ये नुसता बॅलन्स दिसतो, पैसे काढायला ओटीपी लागतो." खरंय. पण त्याच टेबलात शेजारच्या कॉलममध्ये ईमेल आहे, आणि त्या ईमेलचा पासवर्ड बहुतेकांचा हाच आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत.

सगळ्यांचे पासवर्ड रिसेट करा म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण संचालकांना ते नको होतं, म्हातारे सभासद शाखेत गर्दी करतील म्हणे. मग निदान टेबल तरी आधी नीट करू म्हटलं. इथे बऱ्याच जणांना वाटतं की सभासदाने लॉगिन केल्याशिवाय त्याचा हॅश बदलता येत नाही कारण मूळ पासवर्ड आपल्याकडे नसतो. येतो की. जुना एमडीफाइव्ह हाच पासवर्ड समजायचा आणि त्याच्यावर बीक्रिप्ट, म्हणजे मुद्दाम हळू बनवलेला हॅश, चढवायचा:

```php
$new = password_hash($row['password'],
    PASSWORD_BCRYPT, ['cost' => 12]);
// लॉगिनला
password_verify(md5($input), $row['password']);
```

`password_hash` प्रत्येक ओळीसाठी स्वतःच नवा रँडम सॉल्ट तयार करतो आणि तो हॅशच्या आतच ठेवतो. `$2y$12$` नंतरची पहिली २२ अक्षरं सॉल्ट, पुढची ३१ हॅश, सगळं मिळून ६०. सॉल्ट लपवायची वस्तू नाहीच, चोराला दिसला तरी चालतो, त्याचं काम एवढंच की दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा यावा आणि चोराला प्रत्येक सभासदासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागावी.

आणि कोडमध्ये `cost` पुढे तो १२ आहे ना, तो घातांक. २ चा १२ वा घात म्हणजे आतली महागडी पायरी ४,०९६ वेळा, १३ केला की दुप्पट. त्यांच्या सर्व्हरवर मोजलं तर एका हॅशला पाव सेकंद लागत होता. चाळीस हजार गुणिले पाव सेकंद, तीन तासांच्या आत काम फत्ते, रात्री स्क्रिप्ट लावली. आधी टेस्ट कॉपीवर व्हेंडरच्या पोराने चालवली तेव्हा एकही लॉगिन होईना. कॉलम `char(32)` होता आणि मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे ६० अक्षरांचा हॅश गुपचूप ३२ वर छाटला जात होता, एरर नाही काही नाही. `SELECT LENGTH(password)` टाकलं की लगेच कळतं. हे खऱ्या टेबलावर झालं असतं तर बॅकअपमधून टेबल परत आणण्याशिवाय इलाज नव्हता, तुटलेला हॅश परत जुळत नाही.

आता त्याच ४ अब्ज मोबाइल नंबरांचं गणित बघा. बीक्रिप्टला प्रत्येक हॅशमागे ४ केबीचा, सतत बदलत जाणारा तक्ता लागतो आणि ग्राफिक्स कार्डाला ते जड जातं. ४०९० वर कॉस्ट १२ ला सेकंदाला साधारण चौदाशे अंदाज होतात. म्हणजे एका सभासदासाठी सगळे नंबर तपासायला महिनाभर, आणि सॉल्टमुळे पुढच्या सभासदाला पुन्हा महिनाभर. आधी हे सगळ्यांचं मिळून सेकंदाच्या चाळिसाव्या भागात होत होतं.

व्हेंडरचं पुढचं म्हणणं, "सर्व्हर दोन कोरचा आहे, लॉगिन स्लो होईल." होईल ना, सेकंदाला आठच लॉगिन निघतील. लाभांशाच्या दिवशी थोडी रांग लागेल, लागू दे. पण त्याच्यानंतर तो जे बोलला ते मात्र मी अजिबात ऐकून घेतलं नाही. "रोलबॅकसाठी जुना एमडीफाइव्ह `password_old` मध्ये ठेवू या का थोडे दिवस?" ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटवाल्यांचं २०१५ मध्ये असंच झालं. त्यांचे पासवर्ड बीक्रिप्टने, कॉस्ट १२ ने ठेवलेले, एकदम पक्के. पण दुसऱ्या एका कॉलममध्ये युझरनेम आणि पासवर्ड मिळून केलेला एमडीफाइव्ह पडलेला होता. क्रॅक करणाऱ्यांनी बीक्रिप्टशी थेट झुंज घेतलीच नाही, त्या कॉलमवरून एक कोटी दहा लाखांहून जास्त पासवर्ड काढले. समोरच्या दाराला कितीही मोठं कुलूप लावा, मोरीची खिडकी उघडी असेल तर काय उपयोग. तो कॉलम झाला नाही.

पण हे सगळं करून जी फाइल आधीच बाहेर गेलीय तिचं काय? तिच्यात जुने एमडीफाइव्ह आहेत. त्यातून निघालेला पासवर्ड चोराने ॲपमध्ये टाकला तर आमचा नवाकोरा बीक्रिप्ट त्याला इमानदारीत आत घेणार, कारण पासवर्ड बरोबरच आहे. हे मीटिंगमध्ये चेअरमनसमोर बोलून पटेना, मग त्यांच्याच परवानगीने त्यांचा स्वतःचा पासवर्ड उघडून दाखवला. मोबाइल नंबरच होता. रिसेट त्याच दुपारी मंजूर झाला, ओटीपीवरून. जुने हॅश पुसले, नवे पासवर्ड सरळ बीक्रिप्टमध्ये, मधे एमडीफाइव्ह नाही. `123456` आणि सभासदाचा स्वतःचा मोबाइल नंबर बंद.

इथपर्यंत सगळं ठीक. झोप उडाली ती यानंतर.

निम्म्याहून जास्त सभासद नवा पासवर्ड घेऊन आले तेव्हा मी तीच `GROUP BY` पुन्हा टाकली, सगळीकडे १. छान दिसतं, पण यावरून लोकांनी पासवर्ड चांगले ठेवलेत की नाही काहीच कळत नाही, सॉल्ट मलाही आंधळं करतो. म्हणून पुन्हा परवानगी घेऊन एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक सभासदासाठी एकच अंदाज, त्याचं इंग्रजीतलं पहिलं नाव आणि पुढे `@123`. नाव शेजारच्या कॉलममध्येच आहे. वीस-बावीस हजार ओळी, पाव सेकंद एकेक, दीड तासात झालं, तेही ग्राफिक्स कार्ड न वापरता, त्याच पिचक्या सर्व्हरवर. अकराशेच्या वर जुळले.

स्लो हॅश एका माणसावर कोट्यवधी अंदाज महाग करतो, पण प्रत्येक माणसावर एक-एक अंदाज करणाऱ्याला तो फारसा अडवत नाही. कॉस्ट १४ केली तर दीड तासाचे सहा तास होतील आणि लाभांशाच्या दिवशी सेकंदाला दोनच लॉगिन निघतील. अडवायचं तर पासवर्ड ठेवतानाच, कारण मूळ पासवर्ड आपल्या हातात फक्त तेवढ्याच क्षणी असतो. नाव, मोबाइल, जन्मसाल, संस्थेचं नाव यातलं काही आत असलं तर नाही म्हणायचं. ती तपासणी मी लिहून दिलीय.

सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, "म्हणजे त्या अकराशे लोकांना परत रिसेट?" हो म्हटलं. वार्षिक सभा तोंडावर आहे, सभेनंतर बघू म्हणाले. व्हेंडरच्या पोराने तपासणी टेस्टवर टाकलीय, आणि कालच त्याचा मेसेज आला की एका क्लार्कची तक्रार आहे, म्हातारे सभासद `Aai@1234` ठेवतायत आणि ॲप ते घेतंय.