मौनाच्या दोन जागा: कोलकाता आणि देहू

मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेचे मुख्यालय असलेल्या कोलकात्याच्या मदर हाउसच्या तळमजल्यावर त्यांची समाधी आहे. पांढऱ्या दगडाचा साधा चौथरा, त्यावर सिस्टर्सनी फुलांच्या पाकळ्यांनी जुळवलेली अक्षरे आणि चहूबाजूंनी शांत बसलेली माणसे. मी गेलो तेव्हा माझ्या मनात फार भक्ती होती असे म्हणता येणार नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात मी दीड महिना रोज प्रार्थना केली होती आणि ती ऐकली गेल्याचे एकही चिन्ह मला दिसले नव्हते. देवाने नकार दिला असता तर तो पचवता आला असता. मला बोचत होता तो त्याचा अबोला. असा अबोला जवळजवळ पन्नास वर्षे सोसून ज्या बाईने आपले काम थांबवले नाही, ती कुठे बसून प्रार्थना करत होती, एवढेच मला पाहायचे होते.

वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनागृहात, जिथे त्या जमिनीवर बसत, तिथे आता त्यांचा बसलेला पुतळा आहे. रस्त्याचा गोंगाट खिडक्यांतून सरळ आत येतो. ध्यानाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. समोर क्रूस आहे आणि त्याच्या बाजूला, या संस्थेच्या प्रत्येक प्रार्थनागृहात असतात तसे, क्रूसावरच्या येशूचे शब्द लिहिलेले आहेत: ‘मला तहान लागली आहे’. त्या वेळी मी ते सवयीने वाचले. त्यांचा अर्थ नंतर, पुतळ्याजवळ बसल्या बसल्या त्यांची पत्रे आठवू लागल्यावर लागला.

१० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या वाटेवर आगगाडीत त्यांना नव्या कामाची हाक ऐकू आली, त्यानंतर काही महिने येशूचा आवाज स्पष्ट येत राहिला आणि काम प्रत्यक्ष सुरू झाले त्याच सुमारास तो थांबला. १९५३ साली त्यांनी आर्चबिशप पेरिएर यांना कळवले की आत भयंकर अंधार आहे, सगळे मेल्यासारखे वाटते आणि हे कमीअधिक प्रमाणात काम सुरू केल्यापासून असेच आहे. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये, पोप बारावे पायस यांच्यासाठी झालेल्या प्रार्थनाविधीनंतर, काही आठवडे हा अंधार हटला आणि पुन्हा परतला. ही पत्रे जाळून टाकावीत अशी त्यांची विनंती होती. ती कोणी मानली नाही आणि २००७ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘म्हणजे बाईंचा विश्वासच नव्हता’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. विश्वास उडालेला माणूस अनुपस्थितीबद्दल इतकी वर्षे विव्हळत नाही. त्याला काही काळाने ती जाणवेनाशी होते.

नेमका हाच फरक सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये योहान ऑफ द क्रॉस या संन्याशाने काटेकोरपणे मांडला होता. स्वतःच्याच पंथबंधूंनी त्याला १५७७ च्या अखेरीस तोलेदोमध्ये एका अंधाऱ्या कोठडीत नऊ महिने डांबले होते, त्यामुळे देव जाणवेनासा होण्याच्या अवस्थेला त्याने दिलेले ‘काळोखी रात्र’ हे नाव त्याच्यासाठी नुसती उपमा नव्हती. ही रात्र, साधकाचा आळस आणि मनाचा आजार बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून तो तीन खुणा एकत्र पाहायला सांगतो. पहिली खूण अशी की देवाच्या गोष्टींत रस उरत नाही, पण जगातल्या इतर कशातही उरत नाही. इतरत्र रस असेल तर ते साधे विचलन समजावे. दुसरी, आपण देवाची सेवा करत नसून मागे घसरत आहोत ही काळजी सतत पोखरत राहते. तिसरी, पूर्वी जमत असे तसे कल्पनेच्या आधाराने चिंतन कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. उदासपणा हा देहाचा विकार असू शकतो हे तो मोकळेपणी मान्य करतो आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात असेही सांगतो. दुसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण आळशी माणसाला आपल्या आळसाचे दुःख होत नाही.

मदर तेरेसांना उपयोगी पडला तो मात्र एका हयात माणसाचा सल्ला. १९६१ साली योसेफ नॉयनर या ऑस्ट्रियन जेझुइट धर्मगुरूंना त्यांनी आपली अवस्था लिहून दिली. नॉयनर यांनी अंधार घालवण्याचा उपाय सांगितला नाही, कारण माणसाच्या हातात तसा उपाय नाही असेच त्यांचे म्हणणे होते. देव जाणवणे हा त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे आणि त्याच्यासाठी लागलेली तहान हीच त्याच्या लपलेल्या सान्निध्याची खूण आहे, एवढेच ते म्हणाले. समोरच्या भिंतीवर लिहिलेली तहान आणि आपली तहान एकच आहे, असे त्यानंतर त्या मानू लागल्या. अंधार गेला नाही. आपल्याला तो प्रिय झाला आहे, असे त्यांनी लिहिले. या उत्तरात एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही: अनुपस्थितीलाच उपस्थितीची खूण म्हटले की ते म्हणणे कधीच खोटे ठरू शकत नाही. तर्काला ते पटणार नाही. सोसणाऱ्याला मात्र त्यामुळे उभे राहता आले, हेही तितकेच खरे.

नॉयनर यांनी अनेक वर्षे पुण्यात धर्मशास्त्र शिकवले आणि २००९ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, तिथेच देह ठेवला. त्यांच्या पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर देहू आहे. परतीच्या प्रवासात मी तिकडे वळलो, ते यामुळेच.

देहूच्या मंदिरात ती शिळा आहे, जिच्यावर तुकोबा अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्यानंतर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसले, असे परंपरा सांगते. आता तिच्यावर शिळा मंदिर उभे आहे. मी दर्शनाच्या रांगेत होतो आणि माझ्या पुढच्या दोन बायका त्याच तेरा दिवसांचा अभंग गुणगुणत होत्या. त्यात तुकोबा विठ्ठलाला विचारतात की तू पाषाणाची खोळ घेऊन का बसला आहेस. ‘माझे लेखी देव मेला’ असे सुरू होणारा अभंगही त्यांच्याच गाथेत आहे. कोलकात्यात जे वाक्य जाळून टाकण्याची विनंती होती, त्याच जातीचे वाक्य इथे टाळमृदंगावर गायले जाते. ज्यू आणि ख्रिस्ती दोघांच्याही स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र असेच अंधार या शब्दावर संपते, पुढे दिलाशाची एकही ओळ नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच म्हटले जाते. देवावरची तक्रार देवालाच ऐकवायची असेल तर नाते तुटलेले नसते; ती तक्रार एकट्याने कागदावर करायची की समुदायात मोठ्याने, एवढाच फरक परंपरांनी केला आहे. मला स्वतःला देहूची रीत जास्त मानवते.

घाटावर तुळशीमाळा घातलेले एक वृद्ध बसले होते. मी त्यांना विचारले, “माउली, तेराव्या दिवशी वह्या वर आल्या म्हणतात. आल्याच नसत्या तर?”

त्यांना प्रश्नाचे काही विशेष वाटले नाही. “लोकांना अभंग पाठ होते की,” ते म्हणाले. “संताजी जगनाड्यांनी ऐकलेले उतरवून काढले होते. वह्या पाण्यात होत्या, अभंग थोडेच पाण्यात होते?”

मग त्यांनी सरकून मला पायरीवर जागा करून दिली.